दाबून भरलेली फुलं

सालकाकूंचं खरं नाव रसाच्या कारखान्याच्या हजेरीबुकात होतं, तेवढंच. बाकी साऱ्या जगाला त्या सालकाकू. चोवीस वर्षं त्यांनी फळांच्या सालीतून तेल काढलं, आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हातात घड्याळ ठेवलं तेव्हाही "आमच्या सालकाकू" असंच म्हटलं. काकूंना त्याचं वाईट वाटलं नाही. घड्याळ मात्र दर आठवड्याला पाच मिनिटं मागे पडायचं, त्याचं वाटायचं.

कारखान्यात त्यांच्या खोलीला तेलखोली म्हणायचे. फळं रसाकडे जायच्या आधी तिथून जायची. सुयांच्या रोलरवर ती गोल गोल फिरायची, सालीवरच्या बारीक पिशव्या फुटायच्या, वरून पाण्याचे फवारे ते तेल धुऊन न्यायचे. ते दुधासारखं पांढुरकं पाणी गरगर फिरणाऱ्या यंत्रात गेलं की तेल एका तोटीतून आणि पाणी दुसरीतून. आग नाही, वाफ नाही. "आमचं तेल थंड्या डोक्याचं," काकू सांगायच्या. "म्हणून त्याला ताज्या फळाचा वास. उकळलंत की त्याचा काढा झाला."

चोवीस वर्षांत दोन सवयी काकूंच्या हाडात शिरल्या होत्या. पहिली, फट ठेवायची नाही. रोलरवर फळाला फळ खेटून हवं. जागा राहिली की फळ उड्या मारतं, सुई लागत नाही, तेल तसंच सालीत राहतं. दुसरी, पाणी टाकायचं नाही. एकदा फिरून आलेल्या पाण्यातही तेलाचा अंश असतो, म्हणून तेच पाणी पुन्हा फवाऱ्याला जोडायचं. नव्या पोरींनी बादली मोरीत रिकामी केली की काकूंचा आवाज तीन खोल्या ऐकू जायचा.

या दोन सवयींपैकी एकीने त्या दिवशी काकूंच्या लेकीला जवळजवळ बुडवलं होतं.

लेक रसायनशास्त्र शिकलेली. शिक्षण झाल्यावर तिने गावाच्या टोकाला एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली, त्यात हजार लिटरची स्टीलची टाकी उभी केली, शेजारी बॉयलर, आणि टाकीच्या डोक्यावरून वाकून येणारा लांब नळ. तो नळ पुढे कंडेन्सरमध्ये, म्हणजे थंड पाण्याच्या पिंपात वेटोळी घेत शिरायचा आणि खालून बाहेर पडायचा. तिथे काचेची एक सुरई. सुरईत वर तेल तरंगायचं, खालचं पाणी चोचीतून आपोआप कॅनमध्ये जायचं. बॉयलर सांभाळायला एक गृहस्थ होते. सगळं आयुष्य बंबांशी काढलेलं, त्यामुळे सगळे त्यांना बंबमामा म्हणत. एका कानाने कमी ऐकायचे, पण बॉयलर कुरकुरला की तोच कान टवकारायचा.

शेडच्या मागे कडू नारिंगांची बाग होती. काकूंना त्या झाडाचं भारी नवल वाटे. साल त्यांच्या ओळखीची. त्याच्याच पानांतून आणि कोवळ्या काटक्यांतून लेक वाफेने वेगळं तेल काढी, हिरवट, जरा तुरट वासाचं. आणि त्याच झाडाच्या फुलांतून तिसरं.

"एकाच आईची तीन लेकरं," काकू म्हणायच्या, "आणि तिघांच्या पगारात केवढा फरक!"

फरक होताच. साल रसाच्या कारखान्यात नाहीतरी उरतेच, तेल तिच्यातून जाता जाता निघतं, म्हणून ते पिंपाने विकलं जातं. पानं कोयत्याने छाटून गाडीभर आणता येतात, शंभर किलो पाल्यात दोन-तीनशे ग्रॅम तेल सापडतं. फुलांचं मात्र सगळंच नाजूक. ती हाताने खुडायची, सकाळीच खुडायची, आणि त्याच दिवशी टाकीत घालायची. चपळ हाताची बाई सकाळभरात दहा किलो खुडते. अशा दहा बायांची सकाळ म्हणजे शंभर किलो फुलं, आणि त्यातून नशीब चांगलं असेल तर शंभर ग्रॅम तेल. चहाचा एक कप भरणार नाही एवढं. त्या एका कपाच्या भावात सालीच्या तेलाचे डबेच्या डबे आले असते.

आता त्या कपावर लेकीचं पुढचं सगळं टांगलेलं होतं. अत्तरं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या खरेदीवाल्या बाई त्या दिवशी चार वाजता येणार होत्या. त्यांची अट स्वच्छ होती. "शंभर किलो फुलांमागे शंभर ग्रॅम तेल माझ्यासमोर तोललं जाऊ दे. वास पसंत पडला तर दर वर्षीच्या बहराची सगळी फुलं तुमच्याच शेडमध्ये येतील, बागवाल्याशी आम्ही बोलू. नाहीतर दुसरीकडे शंभर देणारे आहेत." दुसरीकडे म्हणजे कुठेतरी समुद्रापलीकडे. आणि नाही जमलं तर लेकीच्या बॅगेत एका दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेचं नोकरीचं पत्र तयार होतं. ते पत्र काकूंनी बॅग झटकताना पाहिलं होतं. झटकायचं काही कारण नव्हतं, बॅग स्वच्छ होती.

त्यामुळे काकू सकाळी सहालाच शेडमध्ये हजर.

"आई, तू कशाला आलीस?"

"बघायला."

"नुसतं बघायचं हं."

"डोळे आणलेत, बघेन की."

टोपल्या येऊ लागल्या. पांढऱ्या, जाड पाकळ्यांची मेणासारखी फुलं. शेडचा कोपरान् कोपरा त्या वासाने भरून गेला. बंबमामा म्हणाले, "ताई, एवढ्या वासात आम्ही फुकट बसतोय, कंपनीला कळलं तर याचंही बिल लावतील." दहा वाजता शंभरावा किलो काट्यावर चढला, आणि नेमका त्याच वेळी टाकीच्या झाकणाखालचा रबराचा जुना वॉशर तुटला.

"मी नवीन घेऊन येते, अर्ध्या तासात," लेक स्कूटरची किल्ली शोधत म्हणाली. "मामा, तोवर फुलं भरायला घ्या. तीन जाळ्या आहेत. प्रत्येक जाळीवर पातळ थर, सैल सैल. साधारण सत्तर किलो बसतील. उरलेली तीस दुसऱ्या खेपेला."

ती गेली. मामांनी पहिली जाळी ठेवली, तिच्यावर फुलं पसरली. काकू काठाशी उभ्या राहून बघत होत्या. नुसतंच. पहिली जाळी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. सत्तर किलोत टाकी काठोकाठ. आणि तीन टोपल्या जमिनीवर, पत्र्यातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात.

तीस किलो फुलं! तीन बायांची सकाळ! दुसरी खेप म्हणजे दुपार उलटणार, तोवर ही कोमेजणार, गरम होणार, वास उडणार. आणि ती बाई चार वाजता शंभर किलोंचा हिशोब मागणार. त्यांनी टाकीत डोकावलं. फुलांमध्ये जागाच जागा दिसत होती. बोट घातलं तर मनगट जात होतं.

"मामा, एवढी फट?"

"ताई म्हणाल्या सैल."

"सैल म्हणजे काय, रिकामी का? व्हा बाजूला."

"काकू, ताईंनी..."

"ताईला जन्म कोणी दिला?"

मामांनी आपला कमी ऐकणारा कान काकूंकडे केला आणि बॉयलरचं तोंड बघू लागले. काकूंनी बाह्या सरसावल्या. दोन्ही हातांनी, अगदी प्रेमाने, कडेपासून मध्यापर्यंत त्यांनी फुलं दाबली. जाळ्या खाली सरकल्या, जागा झाली. एक टोपली गेली. पुन्हा दाबली. दुसरी गेली. तिसरीसाठी त्यांनी दोन्ही तळहातांवर अंगाचा भार दिला. शेवटची मूठ बसली तेव्हा वरचा थर गादीसारखा सपाट झाला होता, आणि काकूंच्या चेहऱ्यावर चोवीस वर्षांचं समाधान होतं.

लेक वॉशर घेऊन धावत आली. घाईत झाकण बसवलं, बोल्ट आवळले, मामांनी वाफेचा कॉक सोडला. मग तिची नजर जमिनीवर गेली.

"टोपल्या रिकाम्या? सगळी बसली?"

"बसली."

"कशी काय बसली?"

"बसवली."

लेक आणखी काही विचारणार, तेवढ्यात नळातून गुर्र आवाज आला आणि कंडेन्सरच्या तोंडातून पहिली धार सुरईत पडली. पाण्यावर फिकट पिवळे, टाचणीच्या डोक्याएवढे थेंब. एकाला एक जाऊन मिळत होते. सगळे धावले. मामांनीसुद्धा बॉयलर सोडला.

"आलं गं बाई!" काकूंनी टाळी वाजवली. "ते बघ, ते बघ, चिकटलं एकमेकांना!"

ही गंमत काकूंना अजून पुरती पचलेली नव्हती. लेकीने समजावलं होतं, की एकट्या तेलाला उकळायला शंभराच्या कितीतरी वर तापवावं लागेल आणि तिथवर फुलांचा वास जळून जाईल. पण वाफेची सोबत मिळाली की तेच तेल शंभराच्या आतच हवेत उठतं, नळातून वाफेबरोबर जातं, आणि थंड झालं की दोघं पुन्हा वेगळे होतात. "म्हणजे सोबतीशिवाय घराबाहेर न पडणारी पोरगी," काकूंनी तेव्हाच निकाल दिला होता.

पहिल्या अर्ध्या तासात सुरईच्या मानेत सोनेरी कडं तयार झालं. मानेवर खुणा होत्या. दहा ग्रॅम, वीस, तीस. लेक नाचायचीच बाकी होती. मग खूण चौतिसावर आली. मग छत्तिसावर. आणि तिथेच बसली.

धार तर चालूच होती. पाणी भरभरून येत होतं, कॅनमागून कॅन भरत होते, पण तेल नाही. सव्वाबारा वाजले. छत्तीस.

"मामा, वाफ कमी आहे का?"

"वाफ? भरपूर आहे. उलट जोरात जातेय." मामांनी टाकीला कान लावला. कमी ऐकणारा नव्हे, दुसरा. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ताई, इकडे कडेनं शिट्टी वाजतेय. मध्ये एकदम गप्प."

लेकीने कॉक बंद केला. निवेपर्यंत थांबायला सवड नव्हती. जाड हातमोजे घालून तिने बोल्ट सोडवले, झाकण सरकवलं, वाफेचा लोट छताला लागला. तो विरल्यावर तिघांनी आत वाकून पाहिलं.

आत फुलं नव्हतीच. एक गोल, घट्ट लादी होती. भोवती कडेला, टाकीला लागून, बोटभर रुंदीची चर पडलेली आणि तिथली फुलं तपकिरी, शिजून चोथा झालेली. लेकीने काठीने लादी मध्यावर फोडली. आतली फुलं पांढरीच होती. जराशी मऊ पडलेली, गरम, पण अजून वासाने भरलेली. वाफेने त्यांना शिवलंच नव्हतं. दाबून एकमेकींना चिकटलेल्या ओल्या पाकळ्यांतून तिला वाट मिळाली नाही, म्हणून तिने कडेने सोपी वाट धरली आणि सरळ वर निघून गेली.

काकू म्हणाल्या, "मी दाबली."

"आई!"

"उन्हात पडली होती गं ती. तीस किलो."

"मी सैल सांगितलं होतं! साल नाही ही! सालीला सुई टोचायची असते म्हणून खेटून ठेवतात, वाफेला मधून जायला जागा लागते! चार तास राहिलेत आई, आणि माझ्याकडे छत्तीस ग्रॅम आहेत!" लेकीचा आवाज चढला, मग फाटला. ती पायरीवर बसली. "जाऊ दे. पत्राला उत्तर देऊन टाकते."

काकू रडल्या नाहीत. रडायचं घरी, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांनी काठी उचलली आणि लादी फोडायला लागल्या.

"काय करतेयस?"

"मोकळी करते. आत जिवंत आहेत ना अजून?"

"करून काय होणार? एकदा वाफ लागलेल्या पाकळ्या आहेत, चिकट झाल्यात. पुन्हा जाळीवर ठेवल्या की पुन्हा लादीच होणार. त्यांना वेगळं ठेवायचं तर..." लेक थांबली. ताठ उभी राहिली. "तर पाण्यात सोडावं लागेल."

"मग सोड की!"

"अगं, फुलं पाण्यात तरंगत ठेवून खालून वाफ सोडायची. पुस्तकात आहे. गुलाबालाही तसंच करतात, कारण पाकळ्यांची लादी होते. मीच घाबरत होते. जास्त वेळ पाण्यात उकळलं तर वास बिघडतो, आणि एवढं पाणी तापवायला वेळ जातो." तिने घड्याळाकडे पाहिलं. "मामा, चारशे लिटर उकळायला किती लागेल?"

मामांनी बॉयलरकडे असं पाहिलं जसं घोडेवाला घोड्याकडे बघतो. "पाऊण तास. चिडवलं तर."

"चिडवा!"

मग जी धावपळ उडाली! लेकीने जाळ्या ओढून काढल्या, पाण्याची नळी टाकीत सोडली. काकू आणि मामा मुठीमुठीने लाद्या मोडत होते, पाकळी पाकळीपासून सोडवत होते. पाण्यात पडताच फुलं उमलल्यासारखी सुटी होत होती. "पोहताहेत बघ," काकू म्हणाल्या. "आता कसं मोकळं वाटतंय त्यांना." लेकीच्या ओठांचा एक कोपरा हलला. रागावलेल्या माणसाला हसू आलं की तसा हलतो.

"आणि काकू," मामा म्हणाले, "आता दाबू नका."

"पाणी कोण दाबतं?"

"तुमचा नेम नाही."

झाकण लागलं. लेक कॅनकडे वळली. पहिल्या खेपेचं पाणी चार कॅन भरून उभं होतं. एरवी हे फुलांचं पाणी एक साबणवाला घेऊन जायचा. "हे ओतून टाक, आई. कडेची फुलं शिजली, त्याचा वास असेल याला. कॅन मोकळे लागतील."

काकूंनी कॅनचं झाकण उघडून नाक लावलं. पाणी निवळ दिसत होतं, पण वास असा, की डोळे मिटावेसे वाटावेत. शिजल्याची जराशी छटा होती, नाही असं नाही. पण हे मोरीत? चोवीस वर्षांत त्यांनी जे कुणाला करू दिलं नाही, ते स्वतःच्या हाताने? त्यांनी चारही कॅन ओढत मागच्या भिंतीच्या सावलीत नेले, वर ओलं पोतं टाकलं, आणि शेडमधल्या पिण्याच्या पाण्याच्या दोन टाक्या रिकाम्या करून लेकीपुढे आणून ठेवल्या. लेकीने विचारलं नाही. काकूंनी सांगितलं नाही. एका दिवसात एक कबुली पुष्कळ झाली.

दीड वाजता टाकीतून बुडबुड ऐकू यायला लागली. या वेळी शिट्टी नव्हती. मामांनी कान लावला आणि अंगठा वर केला. "सगळीकडून उकळतंय. मध्येसुद्धा."

आणि मग तेल आलं. असं आलं, की सुरईच्या मानेकडे बघता बघता तिघांच्या माना आखडल्या. पाच, बारा, वीस. अडीच वाजता तीस. तीन वाजता त्रेचाळीस. लेक मोठ्याने आकडे म्हणत होती, मामा प्रत्येक आकड्याला "वा!" म्हणत होते, आणि काकू मनातल्या मनात आधी बाटलीत काढलेले छत्तीस मिळवत होत्या. एकोणऐंशी. त्र्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी.

चारला पाच मिनिटं कमी असताना बाहेर गाडी थांबली.

खरेदीवाल्या बाई बारीक अंगाच्या, साध्या कपड्यातल्या. अंगाला कसलाही वास नाही. काकूंना आश्चर्य वाटलं, मग कळलं, रोज नाकाचं काम करणाऱ्या माणसाने स्वतः वास लावला तर चालेल कसं! त्यांनी पिशवीतून कागदाच्या पट्ट्या काढल्या. लेकीने न लपवता दोन बाटल्या पुढे ठेवल्या आणि दोन खेपांची सगळी गोष्ट सांगितली. फक्त एक गोष्ट गाळली. "भरण्यात चूक झाली," एवढंच म्हणाली.

"माझ्याकडून झाली," काकू मागून म्हणाल्या. "मी दाबली. हिने सैल सांगितलं होतं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही?"

"हिची आई आहे. आधी सालीचं तेल काढायचे."

"सालीवाल्या फुलं दाबणारच," बाई गंभीरपणे म्हणाल्या. चेष्टा होती की निरीक्षण, कुणालाच कळलं नाही. त्यांनी पहिल्या बाटलीत पट्टी बुडवली, नाकाखाली धरली, हलवली. मग दुसरीत. पुन्हा पहिली. पट्टी उजेडात धरून पाहिली, तेल उडून गेल्यावर कागदावर डाग उरतो का ते. उरला नाही.

"सालीच्या तेलाचा उरतो," काकूंच्या तोंडून गेलंच. "पिवळा. त्यात सालीचं मेण आणि रंग येतो ना. वाफेबरोबर तो वर चढत नाही."

"बरोबर. काही लोक या फुलांच्या तेलात पानांचं तेल मिसळतात. ते डागाने कळत नाही. त्यासाठी नाक लागतं." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "यात नाही. दोन्ही एकत्र केल्या तर सुंदर होईल. पण किती?"

मामांनी वाफ बंद केली होती, धार थांबली होती. लेकीने दोन्ही बाटल्या काट्यावर ठेवल्या, बाटल्यांचं वजन वजा केलं. छत्तीस आणि सत्तावन्न.

"त्र्याण्णव," ती म्हणाली.

"सात कमी."

"हो."

"सात ग्रॅम म्हणजे सात किलो फुलं. एका बाईची जवळजवळ सकाळ. टनाला सत्तर ग्रॅम. या तेलाचा भाव तुम्हाला माहीत आहे." त्या कठोरपणे बोलत नव्हत्या, पण पट्ट्या पिशवीत ठेवत होत्या.

"बाई, एक कप चहा घ्याल?" काकू म्हणाल्या.

"आई, कशाला..."

"त्यांना चाळीस मिनिटं बसवायचंय." काकूंनी लेकीचा दंड धरून तिला मागच्या भिंतीकडे नेलं आणि पोतं ओढलं. चार कॅन. काठोकाठ.

लेकीने एका कॅनचं झाकण उघडलं. "तू टाकलं नाहीस?"

"आमच्या खोलीत पाणी टाकत नाहीत. त्यात अंश असतो म्हणून पुन्हा फिरवतात. इथं नसतो का?"

लेकीने दोन्ही हात डोक्याला लावले. "असतो! अगं असतो! या फुलांचं तेल पाण्यात बरंच विरघळतं, म्हणून तर या पाण्याला वास येतो! मी साबणवाल्याच्या नादात..." वाक्य तिथेच टाकून ती ओरडली, "मामा! झाकण उघडा!"

चारही कॅन टाकीत रिकामे झाले. टाकी गरम होती, दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा बुडबुड सुरू झाली. "पाण्यात विरघळलेलं तेल वाफेच्या पहिल्या काही लिटरांतच निघून येतं," लेक बाईंना सांगत होती, आणि बाई कप हातात तसाच धरून, पट्ट्या पिशवीत विसरून, सुरईजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. चार डोकी एका काचेवर वाकली.

पहिली धार. नुसतं पाणी. मग एक थेंब आला. फिकट, गोल, पाण्यावर हेलकावे खात काठाला गेला आणि थांबला. मग त्याच्यामागे दुसरा.

"ये रे बाबा," बंबमामा पुटपुटले.

"हळू बोला, दचकेल," खरेदीवाल्या बाई म्हणाल्या. या वेळी चेष्टाच होती, सगळ्यांना कळलं.

पावणेपाच वाजता थेंब थांबले. लेकीने ते तेल एका छोट्या बाटलीत घेतलं. या वेळी काट्यावर बाटली बाईंनीच ठेवली. काटा डोलला, थांबला.

"आठ," त्या म्हणाल्या. "एकशे एक."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून बॉयलरवर आपटली. लेक आईच्या गळ्यात पडली, मग आठवण झाल्यासारखी बाजूला होऊन म्हणाली, "मी अजून रागावलेय हं."

"रागाव. घरी जाऊन रागाव," काकू म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी एप्रनला पुसलं. रडायचं घरी हे ठरलेलं होतं, पण हे त्यात धरायचं नव्हतं.

बाईंनी तिसऱ्या बाटलीचा वास घेतला, तिन्ही एकत्र करायला सांगितल्या आणि पिशवीतून कागद काढला. सही करण्याआधी दोन अटी घातल्या. फुलं इथून पुढे पाण्यातच सोडायची. आणि शेवटचं पाणी टाकायचं की नाही, ते यांना विचारायचं. "यांना" म्हणताना त्यांनी पेनाचं टोक काकूंकडे केलं.

नोकरीचं पत्र लेकीने त्याच संध्याकाळी काढून काट्याच्या एका हलणाऱ्या पायाखाली घडी करून घातलं. काटा एकदम स्थिर झाला.

बहर अजून नऊ दिवस चालला. रोज सकाळी टोपल्या यायच्या, फुलं पाण्यात पडायची, आणि काकू टाकीच्या काठाशी उभ्या असायच्या. हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. बंबमामांनी विचारलं, थंडी वाजतेय का काकू?

"नाही हो," काकू म्हणाल्या. "सुटतील म्हणून धरून ठेवलेत."